कंपनी म्हणते आधी एनओसी, कॉलेज म्हणतं आधी ऑफर लेटर

"सर, मी सांगलीत मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कंपनीने उन्हाळी इंटर्नशिपसाठी माझी निवड केली आहे, १ जून ते १५ जुलै. एचआर मॅडम म्हणतात, कॉलेजची एनओसी आणल्याशिवाय ऑफर लेटर देता येणार नाही. कॉलेजच्या ऑफिसात म्हणतात, आधी ऑफर लेटर दाखव, मग एनओसी. माझा शेवटचा पेपर ७ जूनला आहे. मी आधी कुणाकडे जाऊ?"

आधी एचआर मॅडमकडे जा. पण ऑफर लेटर मागू नकोस, दोन ओळींचा ई-मेल माग.

जिल्ह्यातल्या इंजिनीअरिंग कॉलेजात प्लेसमेंटचं काम बघता बघता माझी अठरा वर्षं गेली. 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' हा घोळ दरवर्षी एप्रिलमध्ये माझ्या टेबलावर येतो. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात. ऑफर लेटर निघालं की कंपनीच्या रेकॉर्डला नोंद होते, स्टायपेंडची मंजुरी लागते, टाईम ऑफिसला कळवावं लागतं. एवढं झाल्यावर कॉलेजने 'सोडत नाही' म्हटलं तर सगळं उलटं फिरवावं लागतं. म्हणून त्या एनओसी आधी मागतात. इकडे प्राचार्यांना कोऱ्या माहितीवर सही करता येत नाही. त्यांना सही करताना कंपनी कोणती, प्लांट कुठला, तारीख कोणती ते कोणती आणि तिथे तुझ्यावर देखरेख कुणाची, एवढं समोर हवं असतं. ऑफिसातले लोक सवयीने 'ऑफर लेटर आण' म्हणतात, पण हे चार तपशील ई-मेलमध्ये असले तरी ते पुरतात.

तेव्हा मॅडमना लिही की, माझी निवड कॉलेजच्या ना हरकत पत्राच्या अटीवर झाली आहे, असा मेल मला आणि आमच्या टीपीओ सरांना पाठवाल का. त्यात कंपनीचं पूर्ण नाव, प्लांटचा पत्ता, कालावधी आणि मेंटॉरचं नाव-हुद्दा असावा. याला बहुतेक एचआर लगेच तयार होतात, कारण मेलने कंपनी कशात बांधली जात नाही. मेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून यायला हवा. व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट छापून आणशील तर एचओडी सर तो परत देतील आणि ते योग्यच आहे. कुपवाड-मिरजेतल्या लहान वर्कशॉपवाल्यांकडे कधी कधी डोमेन नसतं, सगळं काम साध्या जीमेलवर चालतं. तिथे हाच मजकूर त्यांच्या लेटरहेडवर, शिक्का आणि मालकाच्या किंवा वर्क्स मॅनेजरच्या सहीने घ्यायचा.

पण तुझ्या प्रश्नातली खरी अडचण शेवटच्या ओळीत आहे. इंटर्नशिप १ जूनला सुरू आणि पेपर ७ जूनला संपणार. या तारखा तशाच लिहून अर्ज दिलास तर तो पहिल्याच टेबलावर अडेल, मग मेल कितीही चांगला असो. एनओसी म्हणजे तुझ्या हुशारीची शिफारस नव्हे, आणि तू आमची विद्यार्थिनी आहेस हा दाखलाही नव्हे. त्यासाठी बोनाफाईड असतं. या अमुक दिवसांत आमचं या मुलीकडे काही काम नाही, ती तुमच्याकडे असेल हे आम्हाला माहीत आहे, एवढंच कॉलेज त्यात लिहून देतं. म्हणजे त्या कागदाचा जीव तारखांत आहे. त्या जुळल्या की बाकीचं सहीचं काम सोपं.

आता कॅलेंडर घेऊन बसू. ७ जूनला थिअरी संपते, पण ओरल-प्रॅक्टिकल कधी संपतात ते तू लिहिलेलं नाहीस. बरीच मुलं इथे चुकतात. शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवसापासून आपण मोकळे, असं धरून चालतात. समज, तुझी शेवटची ओरल ११ जूनला आहे आणि कॉलेजच्या शैक्षणिक वेळापत्रकात पुढची टर्म १४ जुलैला सुरू होते. म्हणजे १२ जून ते १३ जुलै ही तुझी मोकळी खिडक. जूनचे १९ आणि जुलैचे १३, मिळून ३२ दिवस. कंपनीने सांगितलेले दिवस आहेत ४५. तेरा दिवसांचा हा फरक अर्ज करण्याआधी मिटवायचा, नंतर नाही.

पहिलं काम, ३२ दिवस तुझ्या अभ्यासक्रमाला पुरतात का ते बघ. इंटर्नशिपला क्रेडिट असतील तर सिलॅबसमध्ये किमान आठवडे किंवा तास दिलेले असतात. समज चार आठवडे लागतात. मग तुझ्याकडे चार दिवस शिल्लकच आहेत आणि कॉलेजच्या बाजूने प्रश्न उरत नाही.

मग कंपनीशी बोल. इथे माझा अनुभव असा की 'दीड महिना' हा आकडा पुष्कळदा नुसता रिवाज असतो. एचआरला विचारलंस तर त्या नियम सांगतील. ज्यांच्या हाताखाली तू काम करणार त्या मेंटॉरला विचार, की ३२ दिवसांत पूर्ण होईल असं काम मला देता येईल का. मशीन शॉपमधल्या एखाद्या सीएनसी सेलचा सेटअप टाईम मोजून तो कमी करण्याचे उपाय सुचवणं, किंवा एखाद्या पार्टच्या रिजेक्शनची कारणं लिहून काढणं, ही कामं महिन्याभरात नीट होतात. मेंटॉरने हो म्हटलं की एचआर बहुतेक वेळा तारखा बदलून देतात. मात्र बदललेल्या तारखांचा मेल पुन्हा घे. जुन्या मेलवर पेनाने तारीख खोडून चालत नाही.

समजा कंपनी अडून बसली की सहा आठवड्यांपेक्षा कमी घेतच नाही. १२ जूनपासून ४२ दिवस मोजले तर २३ जुलै येतो. म्हणजे टर्मचे पहिले दहा दिवस बुडतात, रविवार वजा करून कामाचे आठ-नऊ. हजेरी ७५ टक्के लागते. टर्ममध्ये कामाचे ९० दिवस धरले तर तुला जास्तीत जास्त २२ दिवस बुडवता येतात, आणि त्यातले नऊ तू पहिल्याच पंधरवड्यात खर्च केलेस. पुढे एखादा ताप आला, घरात लग्न निघालं, की तू काठावर. म्हणून या वाटेने जायचं असेल तर एनओसीच्या अर्जासोबत एचओडींच्या नावाने वेगळा अर्ज दे, की १४ ते २३ जुलै या काळातली गैरहजेरी इंटर्नशिपवर धरावी. त्यावर त्यांची सही घे. एनओसीत हजेरीच्या सवलतीचं वाक्य कोणतंही कॉलेज घालत नाही. तोंडी 'जा, बघू' म्हटलेलं ऑक्टोबरमध्ये कुणाला आठवत नाही.

हे मी एवढं लावून धरतो त्यामागे माझ्या हातून झालेली एक चूक आहे. नोकरीतल्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाच्या पत्रात मी कालावधी 'उन्हाळी सुट्टीत' एवढाच लिहिला. अर्जात तारखा नव्हत्या, प्राचार्य बाहेरगावी निघाले होते, घाईत टाईप करून सही घेतली. कंपनीचं काम लांबलं, त्यांनी मुलाला ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ठेवून घेतलं. त्यांच्या दृष्टीने कॉलेजची परवानगी होती, कारण पत्रात शेवटची तारीखच नव्हती. मुलाची हजेरी भरली नाही, टर्म ग्रँट होताना नाव अडलं आणि त्याचे वडील कवठेमहांकाळहून तीन वेळा हेलपाटे घालून गेले. शेवटी जादा सबमिशन घेऊन टर्म मिळाली, पण ते तीन हेलपाटे माझ्यामुळे होते. तेव्हापासून दोन्ही तारखा अंकात आणि अक्षरात लिहिल्याशिवाय माझ्याकडून पत्र पुढे जात नाही.

तारखा पक्क्या झाल्या की अर्ज. प्राचार्यांच्या नावाने, आणि वाट अशी: क्लास टीचर, एचओडी, मग टीपीओ, शेवटी प्राचार्य. मधलं टेबल गाळून थेट केबिनमध्ये गेलीस तर अर्ज 'एचओडींचा अभिप्राय' असा शेरा मारून खाली येतो आणि चार दिवस जातात. मजकूर लांब नको. एवढा पुरतो:

"मी, (आधारवर आहे तसं पूर्ण नाव), पीआरएन (क्रमांक), तृतीय वर्ष मेकॅनिकल. माझी (कंपनीचं पूर्ण नाव), (प्लांटचा पत्ता) येथे १२ जून ते १३ जुलै या कालावधीत इंटर्नशिपसाठी निवड झाली असून कंपनीचा मेल सोबत जोडला आहे. माझी शेवटची ओरल ११ जून रोजी आहे व पुढील टर्म १४ जुलै रोजी सुरू होत असल्याने या काळात माझे कोणतेही शैक्षणिक काम बुडत नाही. कंपनीस सादर करण्यासाठी ना हरकत पत्र मिळावे, ही विनंती."

यातलं तिसरं वाक्य मुलं लिहीत नाहीत, आणि सही करणाऱ्याला तेच हवं असतं. ते नसेल तर एचओडी सरांना वेळापत्रक काढून तारखा पडताळाव्या लागतात. त्यांना तेवढा वेळ नसला की अर्ज ट्रेमध्ये पडून राहतो. अर्जाला वेळापत्रकाची झेरॉक्स जोड आणि तुझ्या तारखांवर पेनाने गोल कर.

एखादा विषय राहिला असेल, एटीकेटी असेल, तर तेही अर्जात लिही. फेरपरीक्षा जुलैमध्ये आली तर त्या दिवसांची रजा कंपनीकडून आधीच मागून ठेवता येते, आणि आधी मागितलेली रजा कुणी नाकारलेली मी फारशी पाहिली नाही. लपवलंस तर हॉल तिकीट आल्यावर दोन्हीकडे पंचाईत.

पत्र हातात आलं की ऑफिसच्या दारातच उभं राहून वाच. लेटरहेड आहे का, जावक क्रमांक आणि तारीख आहे का, पत्र कंपनीच्या एचआरच्या नावाने आहे का. 'संबंधितांस' असं मोघम पत्र मोठ्या कंपन्या परत पाठवतात. तुझं नाव आधारवर आहे तसंच हवं; आपल्याकडे आधारवर वडिलांचं नाव मध्ये आणि मार्कशीटवर आडनाव आधी, असा फरक असतो. गेटपास बनवणारा माणूस हातात आधार धरून पत्राशी अक्षर न् अक्षर जुळवतो. नाव वेगळं दिसलं तर तो सकाळी साडेआठला तुला गेटवर उभं करून ठेवेल, आणि त्याचं काही चुकलेलं नसेल. कंपनीचं नावही तसंच. बोलताना आपण निम्मंच नाव घेतो, पण एकाच मालकाच्या दोन-तीन प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या शेजारशेजारच्या प्लॉटवर असतात. मेलमध्ये आहे तेच नाव, तोच प्लॉट नंबर पत्रात हवा. शेवटी प्राचार्यांची सही, गोल शिक्का. जावक क्रमांक नसलेलं पत्र मी स्वतः दिलेलं असलं तरी परत आण. कंपनीने खात्रीसाठी फोन केला तर ऑफिसातला क्लार्क त्या क्रमांकावरूनच रजिस्टर उघडतो.

फोन खरोखर येतात, म्हणून सांगतो. मित्राच्या एनओसीची फाईल घेऊन नाव आणि तारीख बदलायची, असा सल्ला हॉस्टेलवर कुणीतरी देतोच. एका मुलाने ते केलं होतं. कंपनीने जावक क्रमांक विचारला, रजिस्टरमध्ये त्या क्रमांकावर वेगळंच नाव निघालं. त्याची इंटर्नशिप गेली, आणि त्या कंपनीने पुढची दोन वर्षं आमच्या कॉलेजची मुलं घेतली नाहीत. दुसऱ्यांची वाटही त्यात बंद झाली.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे सगळं नीट असूनही सही अडते. काही कंपन्या स्वतःचा छापील नमुना देतात आणि 'यावरच सही-शिक्का हवा' म्हणतात. तो नीट वाच. विद्यार्थ्याला अपघात झाल्यास कंपनी जबाबदार नाही, इथपर्यंत ठीक. पण पुढे कधी कधी असतं की, विद्यार्थ्याकडून झालेल्या कोणत्याही नुकसानीची भरपाई कॉलेज करेल. या वाक्याखाली प्राचार्य सही करणार नाहीत आणि करूही नये. सीएनसी मशीनचा स्पिंडल आपटला तर त्याचा खर्च लाखांत जातो, कॉलेज तो कुठून देणार? अशा वेळी भांडायचं नाही. नमुना टीपीओंकडे दे. आम्ही कंपनीला लिहितो की हे कलम वगळून आमच्या लेटरहेडवर पत्र देतो, आणि शिस्त पाळण्याचं व गोपनीयतेचं हमीपत्र विद्यार्थिनी स्वतः देईल. दहापैकी आठ-नऊ वेळा हे चालतं, कारण तो नमुना कंत्राटी कामगारांसाठीचा असतो आणि एचआरने तोच पुढे केलेला असतो. एआयसीटीईच्या इंटर्नशिप धोरणात संस्थेने कंपनीला लिहायच्या पत्राचे नमुने आहेत. तसं एखादं पत्र दाखवलं की कंपनीलाही आधार मिळतो. तुझं स्वतःचं हमीपत्रही डोळे झाकून देऊ नकोस. 'इंटर्नशिप अर्धवट सोडल्यास अमुक रक्कम भरीन' असं त्यात असेल तर आधी आम्हाला दाखव.

याला लागूनच अपघात विमा. बऱ्याच कॉलेजांनी विद्यार्थ्यांचा सामूहिक अपघात विमा काढलेला असतो, पण तो कॉलेजच्या आवाराबाहेर, कारखान्यातल्या कामात लागू आहे का ते पॉलिसीच्या कागदावर बघावं लागतं. लागू असेल तर पॉलिसी क्रमांक एनओसीत घालून घे. नसेल तर स्वतःची वर्षभराची वैयक्तिक अपघात पॉलिसी घे, मूळ प्रत घरी ठेव, झेरॉक्स कंपनीला दे. शॉप फ्लोअरवर जाणार आहेस, प्रेसचा आणि ग्राइंडिंगचा विभाग असेल. सेफ्टी शूज कंपनी देते की स्वतःचे आणायचे, तेही त्याच मेलमध्ये विचारून घे.

वेळ किती लागतो? सगळे जागेवर असतील तर आठवडा. पण मे महिन्यात कुणी सुट्टीवर असतं, कुणी दुसऱ्या कॉलेजात एक्स्टर्नल म्हणून गेलेलं असतं, आणि जूनमध्ये ऑफिस प्रवेशाच्या गडबडीत असतं. म्हणून अर्ज प्रिपरेशन लीव्ह लागायच्या आत टाक. पेपर चालू असताना या खोलीतून त्या खोलीत फिरत बसशील तर अभ्यासाचंच नुकसान. फी बाकी असेल तर ती आधी ऑफिसात बोलून घे. नियमात एनओसीचा आणि फीचा संबंध असो-नसो, क्लार्क तुझं खातं उघडून बघतोच. हप्ता ठरवून घेतला असेल तर तसं लिहून घेतलेला कागद सोबत ठेव.

कुपवाडचं शेवटी जमलंच नाही तर एक जागा डोळ्याआड करू नकोस. आपल्या भागातले साखर कारखाने गळीत संपल्यावर उन्हाळ्यात बंद असतात आणि ओव्हरहॉलिंग चालू असतं. मिलचे रोलर बाहेर काढलेले, टर्बाईन उघडलेली, बॉयलरच्या नळ्या तपासणं चालू. मेकॅनिकलच्या मुलीला मशीन पोटातून बघायला यापेक्षा चांगला महिना नाही. तिथे मेलची वाट बघू नकोस. कॉलेजने चीफ इंजिनीअरच्या नावाने दिलेलं विनंतीपत्र आणि त्यालाच जोडलेली ना हरकत, एवढ्यावर बहुतेक काम होतं. तारखांचा नियम मात्र तोच.

रुजू झालीस की त्याच दिवशी टीपीओंना मेल टाक की, हजर झाले, मेंटॉर अमुक. रोजची डायरी त्याच दिवशी लिही आणि आठवड्याला मेंटॉरची सही घे. शेवटच्या दिवशी पंचवीस पानांवर एकदम सह्या घेतलेली डायरी ओरलला बसलेला परीक्षक शाईच्या रंगावरून ओळखतो. कंपनीने मुदत वाढवली तर जुन्या पत्रावर राहू नकोस. नवीन तारखांचा मेल घे, सुधारित एनओसी घे. तिच्यावर वेगळा जावक क्रमांक येईल आणि आधीच्या पत्राचा उल्लेख असेल.

निघताना मिळणाऱ्या सर्टिफिकेटवर तारखा बघ. एनओसीत १२ जून ते १३ जुलै आणि सर्टिफिकेटवर १ जून ते १५ जुलै, असं घडतं, कारण एचआरच्या संगणकात पहिली तारीख तशीच राहिलेली असते. मग ७ जूनला तू परीक्षेला हजर आणि कंपनीतही हजर, असा अर्थ निघतो आणि क्रेडिट देताना विभाग ते सर्टिफिकेट बाजूला काढतो. गेटमधून बाहेर पडायच्या आधी दुरुस्ती करून घे. त्या वेळी पाच मिनिटांचं काम असतं; ऑगस्टमध्ये त्याच एचआर मॅडम नोकरी बदलून गेलेल्या असतात.